जिवलगाच्या वाढदिवसाच्या फोटोखाली काय लिहावं? खोडीही निघावी आणि मायाही दिसावी : तुमच्या पद्धती सांगा

मांजराकाठ (लातूर)
दरवर्षी हाच पेच पडतो, म्हणून धागा काढतोय. मित्राचा वाढदिवस, फोटो झकास आणि खाली लिहायला शब्द नाहीत. नुसतं 'हार्दिक शुभेच्छा भावा' लिहिलं तर परक्यानं लिहिल्यासारखं वाटतं. खोडी काढावी तर त्याच्या घरचे, ऑफिसातले सगळे वाचणार. तुम्ही ही ओळ कशी बसवता, किती लांब ठेवता, कुठली खोडी घेता आणि कुठली टाळता, ते नीट सांगा. तयार ओळी मागत नाही, पद्धत मागतोय.

बोलायला काहीतरी समोर असावं म्हणून माझाच माल देतो. फोटो हुरड्याचा आहे. मागं आगटीभोवती आम्ही सगळे कणसं भाजून चोळत बसलोय आणि पुढं हा गडी भरलेली पत्रावळ घेऊन ऐटीत उभा. आळशी म्हणून गावभर प्रसिद्ध. पण माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा महिनाभर तिसऱ्या मजल्यावर डबा आणून द्यायचा. इमारतीला लिफ्ट नाही.

परभणीकर
सोपं आहे. तीन टोमणे, एक माया, आणि माया कायम शेवटाला. आधी हसवायचं, मग एकदम मऊ व्हायचं. आणि आपल्या भागातली म्हण घातली की ओळ जमलीच. हे घ्या तुमच्या गड्यासाठी :

'जगात जर्मनी, भारतात परभणी अन् आळशांत आमचा गड्या! कामाला बोलवा, पोट दुखतंय. जेवायला बोलवा, सगळ्यात आधी हजर. उधारी मागा, फोन बंद. पण कसाही असला तरी दिलाचा राजा माणूस. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा भावा!'

ट्युशन एरिया
पहिली ओळ लई भारी. पण गडी लातूरचा हाय की!

फ्लेक्सवाला, जालना
पंचवीसएक वाढदिवसांचे मजकूर महिन्याला हाताखालून जातात, म्हणून सांगतो. सहा बाय चारचा फ्लेक्स असेल तर मजकूर चार शब्दांच्या वर नेऊ नका. गाडीवरचा माणूस तेवढंच वाचतो. मित्राचा फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, त्यात तो दाबला जातो आणि छापल्यावर चेहरा फुटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाव, आडनाव आणि तारीख छापण्याआधी मोठ्यानं वाचून घ्या, कारण एकदा मशीनवर गेलं की दुरुस्ती नाही. चौकात लावायचा तर महानगरपालिकेची किंवा नगरपरिषदेची परवानगी काढा.

राहिली मस्करी. मोठ्या अक्षरात मस्करी लिहू नका. चौकातून त्याचे वडील, चुलते, मामा जातात आणि बोर्डाला 'गंमत केली हो' असं सांगता येत नाही. वर सगळं मानानं लिहायचं आणि गंमत फक्त खाली 'शुभेच्छुक'मध्ये ठेवायची. उदाहरणार्थ, 'शुभेच्छुक : उधारी परत न मागणारे मित्रमंडळ'. ज्याला कळायचं त्याला कळतं, बाकीच्यांना ते मंडळाचं नाव वाटतं.

मांजराकाठ (लातूर)
दादा, मी फ्लेक्सचं नाही, मोबाइलवर फोटो टाकतो त्याखालच्या ओळीचं विचारत होतो. पण शुभेच्छुकाची युक्ती फारच आवडली. ती मी घेणार.

अक्षरजुळणी (छत्रपती संभाजीनगर)
जाहिरातींचा मजकूर लिहिणं हा माझा रोजचा उद्योग आहे, त्यामुळं परभणीकरांच्या ओळीपासूनच सुरुवात करते. त्यांचं अर्धं बरोबर आहे. म्हणीची सुरुवात उत्तम, कारण ती वाचताच माणूस कुठला ते कळतं आणि ओळ उधारीची वाटत नाही. अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली अडचण दिसण्याची. इन्स्टाग्राम एका फोटोखाली 2200 चिन्हं लिहू देतं, पण लोकांच्या पडद्यावर त्यातलं सुरुवातीचं साधारण सव्वाशे चिन्हांचंच दिसतं. बाकी सगळं 'more' च्या मागं दडतं. देवनागरीत हे सव्वाशे फार लवकर संपतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची प्रत्येकाची वेगळी मोजणी होते. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' एवढं लिहिलं की 29 गेले, म्हणजे जवळपास पाव जागा. आता परभणीकरांची ओळ मोजा. 'उधारी मागा, फोन बंद' इथं येईपर्यंत सव्वाशे संपतात. म्हणजे बहुतेक लोकांना काय दिसणार? हा आळशी आहे, खादाड आहे, उधारी बुडवतो. बस. 'दिलाचा राजा' पडद्यामागं राहिला. माया शेवटाला ठेवा हा सल्ला तोंडी बोलताना चालतो, कारण समोरचा शेवटपर्यंत ऐकतो. फोटोखाली तो तुम्हाला दगा देतो.

दुसरी अडचण मायेची. 'दिलाचा राजा', 'जिवाला जीव देणारा', 'रात्री दोन वाजता फोन उचलणारा' ही वाक्यं कुणाच्याही फोटोखाली बसतात. तुमच्या मित्राचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं आणि ओळ तशीच उभी राहिली, तर ती त्याच्याबद्दल नाहीच. टोमणा नेमका आणि माया मोघम झाली की वाचणाऱ्याला टोमणा खरा आणि माया औपचारिक वाटते. 'पण' लावून जोडलेली माया तर हमखास अशी वाटते.

म्हणून मी एकच नियम धरते. खोडी आणि माया एकाच खुंटीला टांगायच्या. ज्या गुणावरून चिडवलं, त्याच गुणाचा अपवाद म्हणजे त्याची माया. तुमच्या मित्राचा दोष आळस आहे. मग माया कुठली? त्यानं आळस मोडला तो दिवस. तुम्ही स्वतःच वर लिहिलंय, तिसरा मजला, महिनाभर, डबा. याच्या पुढं 'दिलाचा राजा' लिहायची गरजच उरत नाही.

परभणीकर
ताई, मोजणीचं मान्य. मी एवढं कधी मोजलं नव्हतं. पण तीन टोमण्यांशिवाय मजा येते का? एका टोमण्यात मित्र कसला चिडतोय?

अक्षरजुळणी (छत्रपती संभाजीनगर)
चिडवायची संख्या वाढली की धार कमी होते, भाऊ. तीन टोमणे वाचून लोकांना त्यातला एकही आठवत नाही. आणि बघा, तुमच्या तीनांत उधारीचाही एक होता. आळस आणि खादाडपणा हसण्यावारी जातो. पैशाचा टोमणा मात्र खरा असेल तर अब्रूवर जातो आणि खोटा असेल तरी वाचणाऱ्याच्या मनात राहतो. तीन जागा भरायच्या म्हटलं की असा एखादा हातून जातोच.

कंधारची लेक
हेच लिहायला आले होते. आमच्या मैत्रिणींच्या गटात कुठली खोडी घ्यायची हे ठरवायला तीन प्रश्न विचारायची सवय आहे. पहिला, ही गोष्ट तिला वाटलं तर उद्या सकाळी बदलता येईल का? उशिरा येणं, फोन न उचलणं, दुसऱ्याच्या ताटातलं खाणं, गाडी परत देताना टाकी रिकामी करणं, हे बदलता येतं म्हणून चालतं. वजन, रंग, उंची, टक्कल, न जमलेलं लग्न, न झालेलं मूल, भरतीत गेलेले अटेम्प्ट, हे तिच्या हातात नाही म्हणून बाद. दुसरा, ती स्वतः चार लोकांत यावरून स्वतःला हसते का? हसत नसेल तर आपणही नाही. तिसरा, तिच्या आईनं वाचलं तर आई हसेल का, की तिला बाजूला घेऊन 'हे काय गं?' विचारील?

भरतीचं मुद्दाम सांगते. आपल्याकडं पोलिस भरती नाहीतर एमपीएससी करणारा एकतरी मित्र प्रत्येक गटात असतो. 'भावी पीएसआय', 'कायमचा विद्यार्थी' हे लिहिणाऱ्याला कौतुक वाटतं. ज्याचं वय संपत आलंय त्याला ते वाढदिवसाच्याच दिवशी वाचावं लागतं, आणि वाढदिवस म्हणजे त्याच्यासाठी वयाची अट एक वर्षानं जवळ आली.

ट्युशन एरिया
हे पटलं ताई. आमच्यात 'रिपीटर' म्हणून टाकतेत नीटवाल्या पोरांना. बंद करायला पाहिजे.

माझी खोडी बघा बरं. मित्र कायम 'निघालोय' म्हणतोय आन् घरीच असतोय. मी लिहिलं :
'निघालोय म्हणायलाय, आजून आंघुळ चालूय. हॅपी बड्डे भावा.' 😂😂😂
ह्यात माया कुठं घालू?

अक्षरजुळणी (छत्रपती संभाजीनगर)
बोली सुरेख आहे, तिला हात लावू नका. 'म्हणायलाय' ऐवजी कुणी 'म्हणतो आहे' केलं तर ओळ मेली. बोलीत लिहायचं तर सगळं बोलीत लिहा, अर्ध्यात प्रमाण भाषेवर येऊ नका. फक्त हसऱ्या चेहऱ्यांची रांग काढा. ओळ हसरी असेल तर त्यांची गरज नाही, आणि बोचरी असेल तर ते बोच झाकत नाहीत.

माया शोधायला स्वतःला एवढंच विचारा : हा वेळेवर कधी आला होता?

ट्युशन एरिया
माझ्या नीटच्या पेपरला. सेंटरवर माझ्या आधी येऊन थांबला होता, आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन. मी म्हणलं नव्हतं तरी.

अक्षरजुळणी (छत्रपती संभाजीनगर)
मग झालं की तुमचं! 'निघालोय म्हणायलाय, आजून आंघुळ चालूय. माझ्या पेपरला मात्र माझ्याआधी गेटवर, झेरॉक्स घेऊन.' झेरॉक्स काढू नका. ती झेरॉक्सच सगळं सांगते.

कंधारची लेक
आमच्या नांदेडकडं हेच 'निघू लागलो म्हणू लागला' होतं. आपापल्या तालुक्याचं लिहावं, लातूरचं उचलू नये.

धाराशिवची वहिनी
मला थोडं वेगळं विचारायचंय. माझ्या जिवलग मैत्रिणीचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे आणि तिचं लग्न नुकतंच ठरलंय. सासरची मंडळी, नणंद, जाऊ, सगळ्या तिला फॉलो करतात. त्यामुळं उशिरा उठणं, स्वयंपाक न येणं हे सगळं बंदच. तिच्या पहिल्या प्रेमाचा विषय तर गाडूनच टाकलाय. मग उरतं काय? तिचा एकच दोष आठवतो, तो म्हणजे सगळ्यांच्या चुका काढते. मेसेजमध्ये ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी दुरुस्त करून परत पाठवते. हा दोष तिनं कधी मोडलाय असं नाहीच. तुमचा अपवादाचा नियम इथं कसा लावू?

अक्षरजुळणी (छत्रपती संभाजीनगर)
वहिनी, इथं अपवाद शोधू नका, इथं दुसरी वाट आहे. कधी कधी दोष हाच उपकार असतो. तिच्या चुका काढण्याचा तुम्हाला कधी फायदा झालाय का? एखादा अर्ज, एखादं पत्र?

धाराशिवची वहिनी
झालाय ना. माझा शिक्षणसेवकाचा अर्ज तिनंच तपासला होता. माझी जन्मतारीखच मी चुकीची लिहिली होती.

अक्षरजुळणी (छत्रपती संभाजीनगर)
मग असं बसतं का बघा : 'ही बाई स्वतःच्या लग्नपत्रिकेतही चुका काढणार. माझ्या अर्जातली जन्मतारीख हिनंच दुरुस्त केली, म्हणून आज मी शाळेत आहे.' सासरच्यांनी वाचलं तर त्यांना काय कळतं? सून शिकलेली, नजरेची तिखट आणि मैत्रिणीसाठी राबणारी. म्हणजे तुमच्या खोडीनं तिची सासरी ओळख करून दिली. नवीन नातं जुळत असताना खोडी अशीच निवडावी, जी अनोळखी माणसानं वाचली तरी गुण म्हणून वाचता येईल.

'बाई' ठेवावं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या दोघींत ते रोजचं असेल तर ठेवा. फोटोसाठी नवीन संबोधन काढू नका. कायम 'अगं' म्हणणाऱ्या मैत्रिणीनं एकदम 'ओ मॅडम' लिहिलं की ओळ नाटकी होते.

परभणीकर
आता मला ही पद्धत कळायला लागली. मग मूळ हुरड्यावाल्याची ओळ कुणीतरी पूर्ण करा. माझा पुन्हा एक प्रयत्न : 'हा आमचा आळशी मित्र हुरड्याच्या पार्टीत कणसं चोळायला लागली की हात दुखतात असं सांगतो, पण माझा पाय मोडला तेव्हा तीन मजले चढून महिनाभर डबा आणून देत होता.' दोष आणि माया एकाच खुंटीला आहे ना?

अक्षरजुळणी (छत्रपती संभाजीनगर)
आहे, अगदी नेमकी. आता फक्त वाक्य हलकं करायचंय. तीन गोष्टी बघू.

'आळशी' हा शब्द काढा. फोटोत तो पत्रावळ घेऊन उभा आहे आणि मागं बाकीचे राबतायत. फोटो जे सांगतोय ते परत लिहिलं की वाचणाऱ्याला हसायला जागाच उरत नाही. गडी आळशी आहे हे वाचणाऱ्याला आपलं आपण कळू द्या.

'पाय मोडला' काढा. ते तुमचं दुखणं आहे. ते लिहिलं की खाली लोक विचारायला लागतात, 'कधी? कसा? आता बरा आहे का?' आणि वाढदिवस राहतो बाजूला. डबा आणि जिने एवढं पुरतं. महिनाभर कुणी कुणाला डबा देतो म्हणजे काहीतरी अडचण असणार, हे आपल्याकडं कुणालाही समजतं.

आणि वाक्य तोडा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं लांब वाक्यात नेमका ठोसा मध्ये अडकतो आणि शेवटाला 'देत होता'सारखं मिळमिळीत काहीतरी उरतं. तुमच्या वाक्यात जोर 'तीन मजले'वर हवा होता, तो 'देत होता'वर जाऊन विझला. दोन छोटी वाक्यं करा आणि दुसऱ्याचा शेवट नकारावर आणा :

'हुरडा चोळायला याचे हात दुखतात. महिनाभर माझा डबा घेऊन तीन जिने चढला, तेव्हा पाय नाही दुखले.'

मोजलं तर 90 चिन्हं भरतात. म्हणजे खोडी आणि माया दोन्ही 'more' च्या अलीकडं. 'दुखले नाहीत' न करता 'नाही दुखले' केलंय, कारण आपण बोलताना जोर द्यायचा असला की असंच उलटवतो. 'पण', 'मात्र' दोन्ही नाहीत. जोडायला लागलंच नाही, कारण हात आणि पाय आपोआप जुळतात.

त्याखाली एक ओळ मोकळी सोडून हे लिहा : 'आज केक तरी स्वतःच्या हातानं काप, गड्या.' ही दडली तरी बिघडत नाही. आणि लक्षात आलं का, वर 'याचे' आहे आणि खाली 'काप' आहे. वर लोकांना सांगतोय, खाली त्याच्याकडं वळून बोलतोय. खोडी लोकांना सांगायची आणि शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.

मांजराकाठ (लातूर)
ताई, हेच पाहिजे होतं. खाली जालन्याच्या दादांची युक्ती जोडतो : 'शुभेच्छुक : तुझे तीन डबे अजून परत न केलेला.' डबे खरंच माझ्याकडंच आहेत.

फ्लेक्सवाला, जालना
बघा, फ्लेक्सचं कामाला आलं की नाही! फक्त शुभेच्छुकात एकच गंमत ठेवा. चार मित्रांची चार नावं आणि प्रत्येकाची वेगळी गंमत केली की तो आमचा बोर्ड होतो.

कंधारची लेक
अक्षरजुळणीताईंचं बाकी सगळं मान्य, 'याचे' मान्य नाही. मित्राबद्दल लोकांना सांगणं म्हणजे तक्रार केल्यासारखं वाटतं. 'हुरडा चोळायला तुझे हात दुखतात' असं थेट त्यालाच म्हटलं की दोघांतलं बोलणं लोक ऐकतायत असं वाटतं. ते जास्त जवळचं आहे. आणि त्याला खाली उत्तरही देता येतं.

अक्षरजुळणी (छत्रपती संभाजीनगर)
तुमचंही खरं आहे. लाजऱ्या माणसाला 'तुझे' बरं, त्याला सभेत उभं केल्यासारखं वाटत नाही. चारचौघांत मिरवणाऱ्याला 'याचे' शोभतं. हुरड्यावाला ऐटीत उभा आहे म्हणून मी 'याचे' घेतलं. यावर एक नियम करता येणार नाही.

शांत वाचक (हिंगोली)
एवढं सगळं वाचलं. पण मला मुळात हे उघड्यावर टाकणंच पटत नाही. जिवलगाची खोडी ही आपल्या चार जणांतली गोष्ट. शब्द कितीही जपून लिहिले तरी खाली कोण काय लिहील यावर आपला ताबा नाही. तुम्ही डबा लिहाल, खाली कुणीतरी त्याची जुनी भानगड काढेल. आणि टॅग केला की ते त्याच्या नावाखाली त्याच्या सगळ्या लोकांना दिसतं.

कंधारची लेक
यावर उपाय आहेत. व्हॉट्सॲप स्टेटसला कुणाला दिसावं ते निवडता येतं, काही लोक वगळता येतात किंवा फक्त निवडक लोकांनाच दाखवता येतं. इन्स्टाला 'Close Friends' ची यादी करता येते. खरपूस खोडी तिथं टाका, आणि सगळ्यांसाठीच्या पोस्टला हुरड्यासारखी सौम्य. टॅगचं म्हणाल तर समोरच्यानं सेटिंग लावलं असेल तर त्यानं मंजूर केल्याशिवाय टॅग त्याच्या नावाखाली दिसत नाही. आणि खाली कुणी घाण लिहिलं तर वाद घालत बसू नका, सरळ पुसा. पोस्ट तुमची आहे, तर खालची जबाबदारीही तुमचीच.

शांत वाचक (हिंगोली)
पुसेपर्यंत दहा जणांनी स्क्रीनशॉट काढलेला असतो. माझं मत तेच राहील. आमच्या गटात फोटो उघड, त्याखाली साधी शुभेच्छा, आणि खोडीची ओळ फक्त गटात. मित्राला माया पोचते, बाकी गावाला पोचायची गरज नाही.

परभणीकर
मग ज्याला खोडीशिवाय वाढदिवस झाल्यासारखा वाटत नाही, त्यानं काय करायचं? आमच्याकडं नुसती शुभेच्छा टाकली तर पोरं विचारतेत, 'भांडण झालं का?'

अक्षरजुळणी (छत्रपती संभाजीनगर)
दोघंही आपापल्या मित्राला ओळखून बोलताय. हिंगोलीच्या दादांच्या मित्राला उघडं नको असेल, तर तिथं माझी सगळी मोजणी कामाची नाही.

धाराशिवची वहिनी
टाकण्याआधी तिला दाखवावं का?

कंधारची लेक
दाखवलं की गंमत गेली. पण तिच्या घरातल्या एकीला, बहिणीला नाहीतर वहिनीला दाखवा. घरात त्या आठवड्यात काय चाललंय ते तिलाच माहीत असतं. घरात कुणाचं आजारपण किंवा दुःख असेल तर चांगली ओळसुद्धा त्या दिवशी नको.

ट्युशन एरिया
मी तर मित्रालाच दाखवतो. त्यानं 'ह्याच्यापेक्षा मोठी चूक सांग की माझी' म्हणलं तर टाकतो, गप्प बसला तर बदलतो.

मांजराकाठ (लातूर)
शेवटचा प्रश्न वेळेचा. रात्री बाराला टाकू की सकाळी? सगळे बाराच्या ठोक्याला टाकतात.

कंधारची लेक
स्टेटस असेल तर सकाळी. चोवीस तासांनी ते जातं. बाराला टाकलं तर रात्री झोपलेल्या वडीलधाऱ्यांना जेमतेम एक दिवस मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन बघणाऱ्यांचं हुकतं. सकाळी सातला टाकलं तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत राहतं. बाराला त्याला फोन करा, स्टेटस सकाळी.

परभणीकर
बाराला नाही टाकलं तर दुसरा कुणीतरी आधी टाकतोय अन् आपला गडी त्याचीच ओळ सगळ्यांना दाखवत बसतोय. मी बारालाच टाकणार. ओळ मात्र आता एकाच टोमण्याची, अन् उधारी काढून.